अठ्ठावीसच्या चार्जरवर बाराची बॅटरी

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथून जळगावपर्यंत रस्त्याकडेच्या बॅटरीच्या दुकानांत ट्रकचं काम जास्त. ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. दुकानातला जुना, जड चार्जरही त्याच हिशेबाचा. त्याच दुकानात रावेर-यावलकडचा शेतकरी ट्रॅक्टरची एकटी १२ ची बॅटरी घेऊन येतो आणि प्रश्न उभा राहतो.

"भाऊ, चार्जर चोवीसचा, बॅटरी बाराची. मधे कॉइल टाकली तर चालेल ना?"

चालेल. पण कॉइल केवढी, पहिल्या मिनिटाला करंट किती जाईल आणि कॉइल किती तापेल, हे आधी कागदावर मांडलेलं बरं. ही टिपणं त्याच कागदाची.

*

पहिली गोष्ट, चार्जरवरच्या पाटीवर विश्वास ठेवायचा नाही. पाटीवर २४ लिहिलेलं असतं ते "२४ व्होल्टच्या बॅटरीसाठी" या अर्थाने. २४ ची बॅटरी भरायची तर चार्जरला २४ पेक्षा बरंच वर जावं लागतं. मीटर लावला की २८ च्या आसपास आकडा येतो. तोच धरायचा.

बॅटरीच्या बाजूलाही तसंच. अंगावर १२ लिहिलंय, पण उतरलेली बॅटरी नुसती ठेवली तर ११.८ ते १२ दाखवते आणि पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७. चार्जिंग चालू असताना मात्र तीच १४.४ च्या पुढे जाते. सुरुवातीच्या करंटसाठी आपल्याला उतरलेल्या बॅटरीचा आकडा हवा. १२ धरू.

आता करंट किती द्यायचा? ट्रॅक्टरची बॅटरी ८० अँपिअर-तासाची असेल तर तिच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ८ अँपिअरने, हा दुकानातला जुना शिरस्ता. तो वाईट नाही.

चार्जरच्या २८ मधून बॅटरीचे १२ वजा केले की १६ व्होल्ट उरतात. हे १६ व्होल्ट कुणीतरी अंगावर घ्यायला हवेत, तो रेझिस्टर.

```
R = (28 − 12) / 8 = 2 ओहम
```

बॅटरीचा स्वतःचा आतला रोध ओहमच्या शंभराव्या भागातला. तारा आणि चिमटे यांचा थोडा अधिक. दोन्ही मिळून ०.०७ ओहम धरले तर ८ चे ७.७ अँपिअर होतात. म्हणजे हिशेबात हा आतला रोध सोडून दिला तरी फार बिघडत नाही. मधे २ ओहम असताना तेच हुकूम चालवतात.

*

आता पाटीवरचा २४ धरला असता तर? रेझिस्टर निघतो (२४ − १२) ÷ ८ = १.५ ओहम. तो घेऊन खऱ्या २८ वर लावला की करंट १६ ÷ १.५, म्हणजे जवळजवळ १०.७ अँपिअर. कॉइलमध्ये कागदावर ९६ वॅट तापायचे होते, तिथे १७० वॅट तापतात. चार व्होल्टचा फरक, आणि उष्णता पावणेदोनपट. कारण बॅटरी आपले १२ व्होल्ट धरून बसलेली असते, वाढलेले चारही व्होल्ट एकट्या रेझिस्टरच्या वाट्याला येतात, आणि उष्णता वाढते ती व्होल्टच्या वर्गाने. कॉइल अपेक्षेपेक्षा लाल दिसली की बहुतेक वेळा बॅटरीचा दोष नसतो, पाटी वाचून हिशेब केलेला असतो.

*

वाया किती गेलं?

२८ व्होल्टवर ८ अँपिअर म्हणजे चार्जरमधून २२४ वॅट निघाले. रेझिस्टरने १६ × ८ = १२८ वॅट खाल्ले. बॅटरीत गेले ९६. निम्म्याहून जास्त हवेत.

इथे बहुतेक लोक म्हणतात, मग रेझिस्टर जरा लहान घेऊ, कमी वाया जाईल. हे खरं नाही. किती हिस्सा वाया जातो ते बघा: वाया गेलेले १६ व्होल्ट, भागिले एकूण २८. यात रेझिस्टर कुठेच नाही. २ ओहम घ्या, ४ घ्या, १० घ्या, शंभरातले ५७ कॉइलमध्येच जाणार. रेझिस्टर बदलला की करंट बदलतो, वेळ बदलते, एकूण वॅट बदलतात. नासाडीचं प्रमाण बदलत नाही. ते ठरतं चार्जर आणि बॅटरी यांच्या व्होल्टमधल्या अंतरावर. कमी नासाडी हवी तर चार्जरच कमी व्होल्टचा हवा. कॉइलशी खेळून काही मिळणार नाही.

अख्ख्या चार्जिंगचा हिशेबही सोपा आहे. बॅटरीत ७० अँपिअर-तास परत घालायचे तर चार्जरमधून ७० × २८ म्हणजे जेमतेम दोन युनिट जातात, त्यातलं एक युनिट रेझिस्टरमध्ये संपतं. शेतकऱ्याने पेरणीआधी एकदा बॅटरी भरली तर या एका युनिटचं दुःख कुणाला नाही. दुकानदाराने रोज चार बॅटऱ्या अशा भरल्या तर महिन्याला शंभरेक युनिट नुसती खोली तापवण्यात जातात, आणि तीही जळगावात!

*

बारावीच्या एनसीईआरटी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याच विषयावरचं एक गणित आहे. ८ व्होल्टची बॅटरी, आतला रोध ०.५ ओहम, चार्जिंगचा पुरवठा १२० व्होल्ट डीसी, मधे १५.५ ओहमचा रेझिस्टर. बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट येतील, आणि रेझिस्टर कशासाठी? मुलं घोकून ठेवतात: करंट ७ अँपिअर, टोकांवर ११.५ व्होल्ट, रेझिस्टर करंट आवरण्यासाठी. तो नसता तर ११२ भागिले ०.५, म्हणजे २२४ अँपिअर.

पुस्तक पुढचा प्रश्न विचारत नाही. चार्जरमधून ८४० वॅट निघाले. रेझिस्टरमध्ये ४९ × १५.५, म्हणजे जवळजवळ ७६० वॅट. बॅटरीच्या आतल्या रोधात साडेचोवीस. खऱ्या अर्थाने बॅटरीत साठायला गेले ते ८ × ७ = ५६ वॅट. शंभरातले सात सुद्धा नाहीत. शिक्षकांनी हा एक उपप्रश्न फळ्यावर वाढवला, तर पोरांना सूत्रापलीकडचं काहीतरी हाती लागेल.

*

मग एवढं नासतं तर लोक मोठ्या व्होल्टचा चार्जर आणि रेझिस्टर वापरायचेच का? केवळ अडाणीपणा नव्हे. त्या नासाडीच्या बदल्यात एक गोष्ट मिळते, आणि खानदेशातल्या खेड्यात तिची किंमत आहे.

समजा १६ व्होल्टचा चार्जर घेतला. सुरुवातीला ८ अँपिअर हवेत तर रेझिस्टर (१६ − १२) ÷ ८ = ०.५ ओहम. वाया फक्त ३२ वॅट, पाव हिस्सा. छान. आता संध्याकाळी डीपीवर सगळ्या गावाचा भार आला आणि व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं. चार्जर १६ वरून १४.४ वर आला. करंट (१४.४ − १२) ÷ ०.५ = ४.८. आठाचे पावणेपाच झाले. बॅटरी भरत भरत १३.४ ला पोचली की उरले २ अँपिअर, आणि १४.४ ला शून्य. रात्रभर लावली तरी बॅटरी अर्धवटच.

तेच २८ च्या चार्जरवर बघा. दहा टक्के पडून २५.२ झाले. करंट १३.२ ÷ २ = ६.६. आठाचे साडेसहा. बॅटरी भरते, थोडी उशिरा. उलट मध्यरात्री मोटारी बंद झाल्या आणि व्होल्टेज दहा टक्के चढलं तर १६ वाला ११.२ अँपिअरवर उडी घेतो, २८ वाला ९.४ वर राहतो.

रेझिस्टरवर जितके जास्त व्होल्ट, तितका करंट बाहेरच्या हेलकाव्यांना कमी जुमानतो. ते १२८ वॅट म्हणजे स्थिर करंटचं भाडं आहे. इलेक्ट्रॉनिक चार्जर येण्याआधी हेच एक स्वस्त साधन होतं.

*

पण ही स्थिरता शेवटी उलटते. टिपणांतली हीच बाब मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बॅटरी १४.४ ला पोचली म्हणजे आता करंट उतरायला हवा. चांगल्या चार्जरमध्ये तो उतरतो. १६ च्या साध्या चार्जरवरही आपोआप ३.२ अँपिअर होतो. २८ वर मात्र (२८ − १४.४) ÷ २ = ६.८. आठावरून पावणेसात, म्हणजे जवळपास काहीच उतरला नाही. बॅटरी पूर्ण भरून १६ व्होल्टपर्यंत चढली तरी ६ अँपिअर चालूच. रेझिस्टरला बॅटरी भरली हे कळत नाही. ते माणसाला कळावं लागतं.

भरलेल्या बॅटरीत शिरणारा करंट पाणी फोडतो. एका अँपिअर-तासाला एका सेलमधलं सुमारे एक तृतीयांश ग्रॅम पाणी, म्हणजे सहा सेल मिळून दोन ग्रॅम. बॅटरी रात्री दहाला भरली आणि मालक सकाळी सहाला उठला, तर ८ तास × ६ अँपिअर = ४८ अँपिअर-तास. पाणी गेलं जवळजवळ १०० मिली, आणि सव्वाशे लिटरच्या वर हायड्रोजन खोलीत. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. खोली मोठी असेल तर सगळीकडे चार टक्के होणार नाही, पण झाकणांच्या तोंडाशी, जिथे चिमटा काढताना ठिणगी उडते, तिथे सहज होतो. म्हणून आधी चार्जरचं बटण बंद, मग चिमटा. हा क्रम मोडणारे लोक ॲसिड तोंडावर उडाल्याशिवाय शहाणे होत नाहीत.

*

भरली हे ओळखायचं कसं? मीटरपेक्षा हायड्रोमीटर बरा. दुकानात त्याला कुणी हायड्रोमीटर म्हणत नाही, "ग्रॅव्हिटी बघ" म्हणतात. रबरी फुगा दाबून ॲसिड काचेच्या नळीत ओढायचं आणि तरंगणारी दांडी कुठे थांबते ते वाचायचं. उतरलेल्या बॅटरीत ११५० च्या खाली. आपल्यासारख्या उष्ण भागासाठी भरलेल्या बॅटऱ्या बऱ्याचदा १२४० च्या आसपास ठेवलेल्या असतात, थंड प्रदेशात १२८० पर्यंत. तासाभराच्या अंतराने तीनदा तोच आकडा आला आणि सहाही सेलमध्ये बुडबुडे सारखे येत असतील तर बॅटरी भरली. एकाच सेलमध्ये बुडबुडे नाहीत आणि त्याची ग्रॅव्हिटी खालीच बसलेली, तर तो सेल गेला.

मेलेला सेल सुरुवातीच्या करंटमध्येही दिसतो. पाच सेलची बॅटरी म्हणजे १० व्होल्ट. (२८ − १०) ÷ २ = ९ अँपिअर. आठऐवजी नऊ दिसले आणि चार्जर तोच असेल तर सेल मोजायला लागावं. उलट, वर्षभर शेडमध्ये पडून राहिलेली, सल्फेट धरलेली बॅटरी सुरुवातीला करंटच घेत नाही. टोकांवर व्होल्ट चढलेले आणि काटा दीड-दोनवर. ती भरलीय असं समजून काढून ठेवू नये. ग्रॅव्हिटी बघितली की खरं काय ते कळतं.

*

मे महिन्याचं वेगळं. जळगावचा पारा ४५ ला टेकतो. १४.४ हा आकडा २५ अंशांसाठी आहे. दर अंशाला एका सेलमागे तीन-चार मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. वीस अंश वर गेलो, सहा सेल, सुमारे ०.४ व्होल्ट खाली. म्हणजे मे महिन्यात १४ लाच थांबायचं. शिवाय बॅटरी स्वतः तापते. डब्याला हात लावून चटका बसला तर करंट तोडून तिला निवू द्यावं. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंगला लावणं आणि बॅटरीचं आयुष्य कमी करणं यात फारसा फरक नाही.

*

रेझिस्टर म्हणून काय लावतात? शेगडीची कॉइल. बाजारात १००० वॅटची मिळते. २३० व्होल्टवर तिचा रोध सुमारे ५३ ओहम आणि करंट ४.३५ अँपिअर. २ ओहम हवेत तर कॉइलचा जेमतेम पंचविसावा तुकडा पुरतो. इथेच लोक फसतात. त्या तुकड्यातून ८ अँपिअर जाणार, म्हणजे शेगडीवर तापते त्याच्या जवळजवळ साडेतीनपट उष्णता त्याच लांबीत. तुकडा पांढरा पडून तुटतो.

रीत अशी: ८ ओहमचे चार तुकडे करून ते समांतर जोडायचे. एकेका तुकड्यात २ अँपिअर, शेगडीवरच्या उष्णतेच्या पाचव्या हिश्श्याएवढी. लालही होत नाही. चारही मिळून साठ टक्के कॉइल लागते. निक्रोमवर साधं कथील बसत नाही, म्हणून डाग देण्याच्या फंदात न पडता स्क्रू आणि वायसरने आवळायचं, आणि पाट चिनीमातीचा घ्यायचा, लाकडाचा नाही. आणि ही शेगडी बॅटरीपासून लांब. हायड्रोजन वर सांगितलाच आहे.

वॅटचा हिशेब करताना आणखी एक पेच. जुन्या चार्जरमध्ये कपॅसिटर नसतो. डायोडमधून येणारा डीसी सपाट नसतो, सेकंदाला शंभर उसळ्या मारत येतो. मीटर त्याची सरासरी २८ दाखवतो, पण शिखरं ४४ पर्यंत जातात. अशा चार्जरवर २ ओहम लावून गणित केलं तर अँपिअरमीटर साडेआठ दाखवील. साडेआठाचा वर्ग गुणिले दोन म्हणजे १४५ वॅट असं वाटतं. रेझिस्टर मात्र सुमारे २१५ वॅटने तापतो, कारण उष्णता सरासरीने नाही, उसळीच्या वर्गाने होते. मीटर बरोबर आहे, बॅटरीला तेवढाच करंट मिळतोय. कॉइल मात्र दीडपट सोसतेय. म्हणून १२८ वॅट निघाले तर रेझिस्टर ३०० वॅटचा घ्यावा. हा अतिसावधपणा नाही.

*

कॉइलपेक्षा मला ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्ट ७० वॅटचा दिवा जास्त आवडतो. सुरुवातीच्या १६ व्होल्टवर एक दिवा साधारण २.३ अँपिअर घेतो. तीन समांतर जोडले की ७. बॅटरी १४.४ ला गेल्यावर ६.४. कॉइलपेक्षाही करंट कमी हलतो, कारण दिव्याची तार थंड होते तसा तिचा रोध कमी होतो.

खरा फायदा चुकीच्या वेळी दिसतो. चिमटे उलटे लागले तर बॅटरीचे १२ वजा होण्याऐवजी मिळवले जातात: (२८ + १२) ÷ २ = २० अँपिअर, कॉइलमध्ये ८०० वॅट. काही सेकंदांत वास येतो. दिव्यांवर तेच ४० व्होल्ट आले की ते भगभगून उडतात आणि सर्किट तुटतं. तीन दिवे गेले, बॅटरी वाचली. शिवाय दिव्याचा उजेड बघून लांबूनही कळतं: पिवळसर मंद म्हणजे ठीक, लखलखीत म्हणजे चिमटे एकमेकांना टेकलेत, विझलेला म्हणजे चिमटा निसटलाय.

२३० व्होल्टचे साधे दिवे मधे टाकून थेट मेनच्या रेक्टिफायरवर बॅटरी लावण्याचाही एक जुना प्रकार आहे. त्यात बॅटरीच्या टोकांना मेनचा जिवंत करंट असतो आणि नासाडी शंभरातली नव्वदच्या वर. तो करू नये.

*

दुकानदाराचं उत्तर मात्र या सगळ्याहून सोपं होतं. "दुसरी बारा येऊ द्या, दोघींना सिरीजमध्ये लावतो."

बरोबर आहे. दोन बॅटऱ्या म्हणजे २४. वर उरले ४ व्होल्ट. ८ अँपिअरसाठी रेझिस्टर अर्धा ओहम, वाया ३२ वॅट, बाकी १९२ दोन बॅटऱ्यांत. नासाडी सत्तावन्न टक्क्यांवरून चौदावर आली आणि एका वेळेत दोन गिऱ्हाईकं सुटली.

अडचण एवढीच की दोन्ही बॅटऱ्यांमधून करंट सारखाच जातो आणि त्या सारख्या उतरलेल्या नसतात. एकीची ग्रॅव्हिटी ११५० असताना दुसरी १२०० वर असते. दुसरी आधी भरते आणि उकळायला लागते, पहिली अजून अर्ध्यावर. तेव्हा भरलेली काढून घ्यायची आणि उरलेलीच्या सोबत रेझिस्टर बदलायचा. ती एव्हाना १३.५ वर आली असेल आणि आता ४ अँपिअर पुरे असतील, तर (२८ − १३.५) ÷ ४, म्हणजे ३.६ ओहम, आणि ५८ वॅट उष्णता. आठ ओहमच्या चार तुकड्यांपैकी दोन सोडवून ठेवले की ४ ओहम होतात. तेवढं जवळचं चालतं. साडेतीन अँपिअर जातील, आणि शेवटाला करंट कमी असलेलाच बरा.